मस्करीची कुस्करी झाली, आता मेसेज काय टाकायचा?

ग्रुपवर टाकलेला विनोद समोरच्याला लागला, हे बहुतेकांना उशिरा कळतं. समोरासमोर बसलेलं असताना चेहरा उतरला की लगेच दिसतं आणि माणूस तिथल्या तिथे सावरून घेतो. फोनवर फक्त दोन निळ्या टिका दिसतात. ज्यांना अशा वेळी काय लिहावं हे सुचत नाही, किंवा जे सुचतं त्याने प्रकरण आणखी चिघळतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. यात एकाच प्रकारचा प्रसंग सविस्तर घेतला आहे: ओळखीच्या माणसाबद्दल, ओळखीच्या ग्रुपवर, मनात वाईट नसताना केलेली चेष्टा.

प्रसंग असा समजा. नाशिकच्या एका शाळेचा जुन्या वर्गमित्रांचा ग्रुप आहे. त्यातल्या एकाची निफाडकडे द्राक्षबाग आहे, त्याला सोयीसाठी बाळू म्हणू. फेब्रुवारीत काढणी तोंडावर आलेली असताना रात्री अवकाळी पाऊस होतो. सकाळी आठच्या सुमारास बाळू बागेतला फोटो टाकतो. घडांवर पाणी आहे आणि मण्यांना तडे गेलेले आहेत. खाली काहीच लिहिलेलं नाही. कॉलेज रोडला राहणारा दीपक चहा पिता पिता फोटो बघतो आणि लिहितो, ‘भावा, आता डायरेक्ट वाईनच काढ! आम्ही चव घ्यायला येतो 😂’. पाठोपाठ पाच-सहा जण हसण्याचे इमोजी टाकतात. अर्ध्या तासाने बाळूचं उत्तर येतं, ‘हो. या.’ त्यानंतर दिवसभर तो काही बोलत नाही.

दीपकच्या डोक्यात नाशिक, द्राक्षं, वाईन अशी साधी साखळी होती. बाळूच्या डोक्यात ऑक्टोबरच्या छाटणीपासूनचे चार-पाच महिने होते: फवारण्या, विरळणी, मजुरी आणि ठरत आलेला सौदा. मणी तडकले की घड सडायला लागतो आणि व्यापारी एक तर भाव पाडतो किंवा फिरकतच नाही. त्यात खायच्या द्राक्षांची जात वेगळी आणि वाईनची वेगळी, हे बागवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणजे नुकसानीच्या दिवशी थट्टा झाली आणि तीही काही माहीत नसल्यासारखी. दीपकला यातलं काहीही म्हणायचं नव्हतं, पण वाचताना ते सगळं तिथे आहे.

आधी ओळखा: कळला नाही, की कळला आणि लागला?

खुलासा लिहायच्या आधी एवढं एक ठरवावं लागतं. विनोद दोन तऱ्हांनी फसतो. एका तऱ्हेत समोरच्याला तो विनोद आहे हेच कळत नाही, तो शब्दशः घेतो. दुसऱ्या तऱ्हेत विनोद आहे हे नीट कळतं, पण तो बोचतो. दोन्हींवर एकच औषध चालत नाही, आणि बहुतेक बिघडलेले खुलासे दुसऱ्या आजाराला पहिल्याचं औषध दिल्यामुळे बिघडलेले असतात.

पहिल्या तऱ्हेचं उदाहरण छोटं आहे. अंबडच्या एखाद्या कंपनीत नव्याने लागलेला मुलगा. साहेब ग्रुपवर लिहितात, रविवारी सकाळी नऊला सगळ्यांनी यायचं आहे. हा लिहितो, ‘वा, म्हणजे रविवारची मिसळ आता कॅन्टीनलाच!’ साहेबांना वाटतं हा कुरकुर करतोय, आणि ते विचारतात, ‘काही अडचण आहे का?’ इथे कुणाचं मन दुखलेलं नाही, फक्त अर्थ चुकलाय. तेव्हा सरळ अर्थ सांगून टाकायचा: ‘नाही सर, मिसळीचं गमतीत लिहिलं होतं. रविवारी नऊला मी येतोय.’ झालं. यात माफी लांबवली तर उलट साहेबांना वाटेल की खरंच काहीतरी होतं. ‘येतोय’ हा शब्द सगळं काम करतो, कारण साहेबांची शंका येण्या-न येण्याबद्दलच होती.

बाळूची गोष्ट दुसऱ्या तऱ्हेची आहे. त्याला ‘अरे, गंमत केली रे’ हे सांगण्यात अर्थ नाही, कारण ती गंमत आहे हे त्याला माहीतच आहे. गंमत का केली, हा त्याचा प्रश्न आहे.

ओळखायचं कसं? उत्तरात प्रश्न आला किंवा खरोखरीची माहिती आली, तर बहुधा अर्थ चुकलाय. उत्तर तुटक आलं, किंवा आलंच नाही आणि माणूस ग्रुपमधून गप्प झाला, तर लागलंय. मराठीत आणखी एक खूण फार बोलकी असते, ती म्हणजे संबोधन. रोज ‘अरे’, ‘भावा’ म्हणणारा एकदम ‘तुम्ही’वर आला, किंवा त्याने ‘धन्यवाद साहेब’ असं लिहिलं, की समजावं. ‘हो. या.’ मधले ते दोन पूर्णविरामही बघा. पण इथे एक सावधगिरी बाळगायला हवी: काही लोक कायमच पूर्णविराम देतात आणि कायमच तुटक लिहितात. म्हणून वर जाऊन त्याच माणसाचे आधीचे दहा-बारा मेसेज वाचायचे आणि त्यांच्याशी ताडून बघायचं. बाळू एरवी ‘होय रे ये ना कधीपण’ असं सलग, विनापूर्णविरामाचं लिहिणारा असेल, तर शंकेला जागा उरत नाही.

माझ्या मते, खात्री होत नसेल तर लागलंय असंच धरून चालावं. कारण लिहिणाऱ्याला आपला सूर पोचला असं जरा जास्तच वाटत असतं. २००५ साली अमेरिकेतल्या जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलेलं आहे. काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने, अशी माणसांनी एकमेकांना पाठवली. लिहिणाऱ्यांचा अंदाज होता की ७८ टक्के वेळा समोरच्याला आपला सूर ओळखता येईल. ईमेलवर प्रत्यक्षात तो ५६ टक्केच वेळा ओळखता आला. पर्याय दोनच होते, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी निम्मे बरोबर आले असते. तीच वाक्यं आवाजात ऐकली तेव्हा आकडा ७३ पर्यंत गेला. आणि हे उपरोध ओळखण्यापुरतं झालं, तो सहन होतो का हा भाग तर त्यात मोजलेलाच नाही.

मूळ मेसेजचं काय करायचं

पहिला हात जातो तो डिलीटकडे. व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत मेसेज बदलता येतो आणि सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. पण बदललेल्या मेसेजवर तो बदलल्याची खूण राहते, आणि डिलीट केलेल्याच्या जागी ‘मेसेज डिलीट केला’ अशी पाटी उरते. समोरच्याने वाचलेलं नसेल तर खुशाल डिलीट करा. वाचून उत्तर दिलं असेल, तर काही न बोलता केलेलं डिलीट हे पुरावा पुसल्यासारखं दिसतं. शिवाय त्याचं ‘हो. या.’ अधांतरी लटकत राहतं आणि नंतर वाचणाऱ्याला वाटतं की बाळूच विनाकारण फटकून वागला.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी खुलासा, मग हवं तर डिलीट, तेही खुलाशात सांगून. मुळात डिलीट करायलाच हवं असं नाही. मात्र ग्रुप मोठा असेल आणि हसण्याचे इमोजी साचतच चालले असतील, तर काढलेला बरा.

कुठे लिहायचं

आधी खाजगीत, मग ग्रुपवर. हा क्रम उलटा झाला की घोळ होतो. ग्रुपवर थेट ‘सॉरी बाळू’ लिहिलं की चाळीस लोकांसमोर बाळूला ‘अरे चालतंय रे’ म्हणावंच लागतं. मनातून चालत नसलं तरी. म्हणजे माफी मागणाऱ्याने त्याच्यावर आणखी एक काम लादलं.

खाजगी मेसेज कोरा सुरू करू नये. व्हॉट्सॲपवर ग्रुपमधला समोरच्याचा मेसेज दाबून धरला की खाजगीत उत्तर द्यायचा पर्याय मिळतो, आणि त्या माणसाशी असलेल्या चॅटमध्ये तो मेसेज वर चिकटून येतो. बाळूचं ‘हो. या.’ असं चिकटवू नका, ते जाब विचारल्यासारखं होईल. त्याचा फोटो चिकटवा. आपण कशाबद्दल बोलतोय ते त्याला न सांगता कळतं, आणि आपण पुन्हा जाऊन तो फोटो पाहिला हेही कळतं. त्याआधी तो फोटो खरंच मोठा करून पाहायचा, हे आलंच.

मजकूर: पाडत पाडत घडवायचा

दीपकने पहिल्या झटक्यात काय लिहिलं असतं, त्यापासून सुरुवात करू.

‘अरे गंमत केली रे, एवढं काय मनावर घेतोस 😄’

यात दोष बाळूचा झाला. तोच हळवा आणि दीपक हसरा. शिवाय हसण्याचा इमोजी पुन्हा आला, ज्या गोष्टीने लागलं तीच. खुलाशात इमोजी ठेवूच नये असं माझं मत आहे, हात जोडलेलाही नाही. नुसते जोडलेले हात म्हणजे सही न केलेला अर्ज.

दुसरा झटका:

‘बाळू, तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. पण तू काही लिहिलं नव्हतंस ना, मला वाटलं सहज फोटो टाकलाय.’

हा सभ्य दिसतो म्हणून जास्त फसवा आहे. ‘वाटलं असेल तर’ म्हणजे वाटलंय हे आपल्याला मान्य नाही. ‘पण’ आला की त्याच्या आधीचं सगळं रद्द होतं. आणि ‘तू लिहिलं नव्हतंस’ म्हणजे चूक त्याचीच. गंमत अशी की ही माहिती खरी आहे, फोटोखाली खरंच काही लिहिलेलं नव्हतं. पण खरं असलेलं सगळंच खुलाशात घालायचं नसतं. ज्याने आपली बाजू हलकी होते ते वाक्य पाडायचं, ही सोपी चाळणी आहे.

तिसरा झटका बहुतेक रात्री येतो आणि लांबलचक असतो. मी किती मूर्ख आहे, माझं तोंड असंच, सकाळपासून जेवण गेलेलं नाही, आपली वीस वर्षांची मैत्री, वगैरे. हा वाचून बाळूला दीपकचीच समजूत घालावी लागते. ज्याची बाग गेली त्याने वाईनवाल्याचे डोळे पुसायचे!

आता कामाचा मजकूर:

‘बाळू, सकाळी मी “वाईन काढ” लिहिलं ते चुकलं. फोटोत मणी तडकलेले दिसत होते, मी नीट पाहिलंच नाही. तुझ्या नुकसानीवर हसायचं नव्हतं, पण वाचताना ते तसंच वाटतं. सॉरी.’

चार वाक्यं आहेत. पहिल्यात आपलेच शब्द पुन्हा लिहिलेले आहेत. ‘सकाळचं ते’ असं मोघम लिहिलं की वाटतं, शब्द उच्चारायचीही लाज टाळतोय. ‘ते चुकलं’ हे सपाट आहे आणि ‘असेल तर’ त्याला लावता येत नाही. दुसऱ्या वाक्यात कारण आहे, पण ते कारण आपल्या अंगावर येतं: मी पाहिलं नाही. ‘घाईत होतो’, ‘चहा पीत होतो’ हे तिथे आलं असतं तर ती सबब झाली असती. ‘मणी तडकलेले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ‘तुझं नुकसान झालं’ असं कुणीही लिहील. मणी तडकल्याचं ज्याने लिहिलं त्याने फोटो पाहिला.

तिसरं वाक्य म्हणजे खरा खुलासा. मला काय म्हणायचं नव्हतं ते सांगायचं, आणि त्याच दमात ते कसं वाचलं जातं तेही मान्य करायचं. इथे ‘पण’ आलाय, वर तोच ‘पण’ मी मोडीत काढला होता, हे लक्षात आलं असेल. फरक ‘पण’नंतर काय येतं यात आहे. मागच्या मजकुरात त्यानंतर आपला बचाव आला होता, इथे आपल्याविरुद्धची बाजू आली आहे. वाक्य उलटं करून पाहा: ‘वाचताना ते तसं वाटतं, पण मला हसायचं नव्हतं.’ शब्द जवळपास तेच, आणि तरी हा बचाव झाला. बचाव आधी आणि कबुली शेवटी, हाच क्रम ठेवा.

चौथं वाक्य एका शब्दाचं आहे. ‘सॉरी’ की ‘माफ कर’, यावर मी फार डोकं खपवणार नाही. मित्रात ‘सॉरी’ सहज जातं, ‘क्षमस्व’ मात्र टाळा, ते सूचनाफलकावरचं वाटतं. माणूस वडीलधारा असेल, समजा सोसायटीतले काका, तर सगळा मजकूर ‘तुम्ही’त करून शेवटी ‘माफ करा काका’ एवढं पुरतं. मात्र काका असतील तर मेसेजवर थांबू नका. खाली उतरून दोन मिनिटं भेटा, कारण त्या पिढीला फोनवरची माफी अर्धीच वाटते.

मजकुरात विनोद का केला, तो मुळात किती चांगला होता, याचा मागमूस नको. विनोद समजावून सांगायला लागलं की तो दुसऱ्यांदा केल्यासारखा होतो. उत्तर मागणारं काही नको: ‘रागावला नाहीस ना?’ हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याला ‘नाही’ म्हणण्याशिवाय वाट ठेवत नाही.

ग्रुपवर काय

खाजगी मेसेज गेल्यावर, उत्तराची वाट न बघता, ग्रुपवर दोनच ओळी:

‘सकाळचा माझा वाईनचा मेसेज चुकीचा होता, काढून टाकतोय. रात्रीच्या पावसाने बागेचं खरंच नुकसान झालंय, माझ्या लक्षात आलं नाही.’

बाळूला टॅग करायचं नाही. ही ओळ त्याच्यासाठी नाहीच. ज्यांनी हसून इमोजी टाकले त्यांना थांबवण्यासाठी आहे, आणि त्यांच्यातला एखादा शहाणा लगेच विचारेल, ‘बाळू, किती एकर गेलं?’ संभाषण बागेवर आलं की काम झालं. कुणी ‘एवढं काय त्यात, विनोदच होता’ म्हणत दीपकची बाजू घ्यायला आलं, तर त्याला दुजोरा देऊ नये. आपली बाजू घेणारा मित्र अशा वेळी सगळ्यात जास्त नुकसान करतो.

वेळ

लक्षात आल्यावर मजकूर लिहायला पाच-दहा मिनिटं घ्यावीत, त्याहून जास्त नाही. त्याच दिवशी गेलेला खुलासा चार ओळीत भागतो. आठवड्याने गेलेल्याला ‘इतके दिवस का नाही बोलला’ याचंही उत्तर द्यावं लागतं. बागेत नेटवर्क नसतं, माणूस औषध मारत असतो, व्यापाऱ्याशी बोलत असतो, त्यामुळे निळी टिक होऊनही उत्तर नाही आलं तर लगेच घाबरून दुसरा मेसेज टाकू नये. दुसरा खुलासा पहिल्याला पातळ करतो.

व्हॉइस नोट पाठवावी का, असं बरेच जण विचारतात. आवाजात सूर पोचतो हे खरं, वरचे आकडेही तेच सांगतात. पण व्हॉइस नोट समोरचा स्पीकरवर ऐकतो, आजूबाजूला घरचे असतात आणि बोलताना आपण वाहवत जातो. चार ओळी लिहून पाठवा. आवाज वापरायचाच तर संध्याकाळी सरळ फोन करा.

जमलं की नाही

‘चालतंय रे’ आलं म्हणजे मिटलं असं नाही. मिटल्याची खूण म्हणजे तो स्वतःहून पुढचं काही बोलतो: ‘अर्धा प्लॉट वाचलाय’, ‘व्यापारी उद्या येतोय’. किंवा मग शिवी येते. मित्राची शिवी परत आली की खुशाल श्वास सोडा. नुसतं ‘ओके’ आलं तर थांबावं आणि दुसऱ्या दिवशी फक्त बागेची चौकशी करावी, माफीचा विषय न काढता.

काही ठिकाणी हा खुलासा चालत नाही, हेही सांगायला हवं. विनोद जातीवरून, रंगावरून, अंगकाठीवरून किंवा घरातल्या मृत्यूवरून असेल, तर ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे वाक्यच काढून टाका. तिथे चुकलं आणि माफी, एवढंच. आणि विनोदाआडून आपल्याला खरंच टोमणा मारायचा होता असं असेल, तर खोटा खुलासा लगेच उघडा पडतो. मग टोमण्यामागची जी तक्रार आहे तिच्याबद्दल समोरासमोर बोलावं लागतं.

दोन दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर एकदा फोन करावा, उचलला नाही तर परत लावू नये. भेट होईल तेव्हा, समजा रविवारी सगळे मिसळीला जमले, तर टेबलावर सगळ्यांसमोर ‘त्या दिवशीचं सॉरी हां’ करू नका. गाडीपाशी एकटा सापडला तर एक वाक्य बोला. तिथेही त्याने हात झटकून विषय बदलला, तर बदलू द्या आणि तलाठी पंचनाम्याला येऊन गेला का ते विचारा.